पहिल्यांदाच झोपेची गोळी घेताय? मेडिकलमधून मिळालेली चिठ्ठी आधी नीट वाचा

भोरहून मांढरदेवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आंबवडे आणि आसपासच्या वाड्यांमधून माझ्याकडे जे रुग्ण येतात, त्यांतले बरेच जण झोपेची तक्रार सगळ्यात शेवटी सांगतात. गुडघे, पित्त, शुगर असं सगळं सांगून झालं की दारापाशी वळून म्हणतात, "आणि डॉक्टर, झोप काही लागत नाही बघा." गोळी लिहून देणं माझ्या हातात असतं. ती कशी घ्यायची हे मी तोंडी सांगतो, पण बाहेर रांग असते, रुग्णाचं डोकं आधीच जड असतं आणि सांगितलेलं अर्ध्या वाटेत विसरलं जातं. म्हणून आमच्याकडच्या मेडिकलमधल्या फार्मासिस्ट ताई पहिल्यांदाच झोपेची गोळी घेणाऱ्याला एक हाताने लिहिलेली चिठ्ठी देतात. त्यातली एक चिठ्ठी आज इथे देतो आणि तिच्यातली प्रत्येक ओळ का लिहिली आहे ते सांगतो.

रुग्ण चोपन्न वर्षांचे, घरची दोन म्हशींची दूधधार, थोडी भातशेती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन महिन्यांपूर्वी थोरला भाऊ अचानक गेला. तेव्हापासून रात्री एक-दीडपर्यंत टक्क जागे, आणि पहाटे साडेपाचला धार काढायला उठायचंच. दिवसा मोटारसायकलवर दोनदा डुलकी लागली, म्हणून शेवटी दाखवायला आले. घोरणं नाही, दम्याचा किंवा यकृताचा आजार नाही, जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार नाहीत हे विचारून घेतलं आणि झोल्पिडेम ५ मिलिग्रॅम लिहिली.

चिठ्ठी अशी होती:

"काका, ही झोल्पिडेम ५. रात्री एकच गोळी. जेवण साडेसातला उरका. गोळी साडेनऊला, अंथरूण घालून, दार लावून, फोन बाजूला ठेवून मग घ्यायची. घेतल्यावर आडवं व्हायचं, टीव्ही नाही. साडेनऊची वेळ चुकली तर दहापर्यंत चालेल, त्यानंतर त्या रात्री नाही. मधेच जाग आली तर दुसरी नाही. मोटार चालू करायला रानात जायची पाळी असेल त्या रात्री गोळी नाही.

ज्या दिवशी दारू, त्या दिवशी गोळी नाही. एक पेग घेतला तरी नाही. सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध, दुखण्याची जास्त पॉवरची गोळी घ्यायची असेल तर आधी मला विचारा.

आज ४ तारीख. ७ गोळ्या दिल्यात. ११ तारखेला डॉक्टरांना दाखवा, त्यांनी लिहिलं तर आणखी ७. १८ तारखेच्या रात्रीपासून गोळी बंद. बंद केल्यावर दोन-तीन रात्री झोप बिघडेल, घाबरू नका, पुन्हा सुरू करू नका.

गोळ्या काकूंकडे ठेवायला द्या. कुणाला देऊ नका."

वेळ उठण्यापासून मागे मोजायची

बहुतेक जण विचारतात, "गोळी जेवणाआधी की जेवणानंतर?" झोपेच्या गोळीसाठी हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न असा, की सकाळी तुम्हाला किती वाजता शुद्धीत आणि सावध असायला हवं? या काकांना साडेपाचला उठायचं, सहाला दुधाच्या किटल्या लावून मोटारसायकलने डेअरीवर जायचं. झोल्पिडेम घेतल्यानंतर निदान आठ तास गाडी चालवायची नाही, असा नियम आहे. सहातून आठ तास वजा केले की रात्रीचे दहा होतात. म्हणून ताईंनी साडेनऊ लिहिलं, दहापर्यंत सूट दिली आणि पुढे दार बंद केलं. ज्याला आठ वाजता उठायचं आहे त्याची चिठ्ठी वेगळी असेल. दुसऱ्याची वेळ आपल्याला चालत नाही ती यासाठी.

ही गोळी साधारण अर्ध्या तासात चढते, दीड तासाच्या सुमारास रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त असतं आणि पुढे दर अडीच तासांनी ते अंदाजे निम्मं होत जातं. ही सरासरी आहे. वयस्कर माणसाचं आणि यकृत कमजोर असणाऱ्याचं शरीर ती सावकाश बाहेर टाकतं. बायकांचंही तसंच. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये बायकांसाठी झोल्पिडेमच्या साध्या गोळीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला सांगितला, कारण १० मिलिग्रॅम घेऊन आठ तास झाल्यावरही शंभरातल्या सुमारे १५ बायकांच्या रक्तात गाडी चालवणं धोक्याचं ठरेल इतकं औषध शिल्लक सापडलं. पुरुषांत हे प्रमाण शंभरात ३ होतं. सकाळी "मला तर अगदी ताजंतवानं वाटतंय" असं वाटत असूनही ब्रेक दाबायला उशीर होऊ शकतो. पहिल्या दोन-तीन सकाळी तरी गाडी दुसऱ्याने चालवलेली बरी.

आता जेवणाचं. भरपेट जेवून लगेच गोळी घेतली तर ती उशिरा चढते, तिचा जोर अर्धा-पाऊण तास पुढे ढकलला जातो. माणूस आडवा होतो, झोप येत नाही, त्याला वाटतं गोळी लागू पडली नाही, आणि तो दुसरी घेतो. मग दोन्ही एकदम चढतात. साडेसातला जेवण आणि साडेनऊला गोळी हे अंतर त्यासाठी आहे.

"अंथरूण घालून, दार लावून" हे शब्द मात्र मला सगळ्या चिठ्ठीत महत्त्वाचे वाटतात. गोळी चढायला लागल्यावर माणूस जागा राहिला तर एक विचित्र अवस्था येते. तो बोलतो, चालतो, फोन करतो, खातो, पण मेंदू त्याची आठवणच साठवत नाही. या काकांचं तेच झालं. दुसऱ्या रात्री त्यांनी साडेनऊला गोळी घेतली आणि मालिका संपेपर्यंत टीव्हीपुढे बसले. सकाळी काकू म्हणाल्या, "रात्री पुण्याच्या पुतण्याला फोन करून जमिनीच्या वाटणीवरून काय बोललात ते आठवतंय का?" त्यांना फोन केल्याचंही आठवत नव्हतं. फोनमध्ये दहा वाजून वीस मिनिटांचा कॉल दिसत होता. भावाच्या दुःखात असलेल्या घरात असा एक फोन किती महागात पडतो ते वेगळं सांगायला नको. तिसऱ्या रात्रीपासून फोन काकूंच्या उशाशी गेला आणि हा प्रकार पुन्हा झाला नाही.

काकांच्या बाबतीत कारण उघड होतं: गोळी घेऊन ते जागे बसले. पण झोप लागल्यानंतर त्याच झोपेत उठून चालणं, स्वयंपाकघरात गॅस पेटवणं, गाडी काढणं हे काही थोड्या लोकांत घडतं, आणि ते पहिल्याच गोळीलाही घडू शकतं. त्यावरून जीव गेल्याच्या नोंदी झाल्यामुळे २०१९ मध्ये अमेरिकेत या गोळीवर सर्वांत कडक प्रकारची सूचना छापणं सक्तीचं झालं. तुमच्या घरात कुणी असं केलं तर डोस कमी करून बघू नका. गोळी तिथेच थांबवायची आणि डॉक्टरांना सांगायचं. त्या माणसाला ही गोळी पुन्हा द्यायची नसते.

रानातल्या मोटारीची ओळ शहरातल्या वाचकाला गमतीची वाटेल. आमच्याकडे शेतीपंपाची लाईट काही आठवडे रात्री असते. माणूस बाराला उठून, बॅटरी घेऊन, ओल्या बांधावरून विहिरीवर जातो आणि स्टार्टरचं बटण दाबतो. हे गोळीच्या अंमलाखाली करणं म्हणजे पडणं किंवा शॉक. रात्रपाळीवरून बोलावणं येऊ शकतं असा वॉचमन, तान्हं बाळ असलेली आई, रात्री आजारी माणसाला उठवायला लागणारी सून यांनाही हेच लागू आहे. रात्री तुमच्यावाचून अडणार असेल तर त्या रात्री गोळी नको.

लघवीला उठावं लागणाऱ्या वयस्कर मंडळींनी आधी काठावर मिनिटभर बसायचं, दिवा लावायचा, मग उभं राहायचं. संडास घराबाहेर असेल तर सोबत कुणाला तरी उठवा. खुब्याचं हाड मोडलं की झोपेचा प्रश्न किरकोळ वाटू लागतो.

दारूबद्दल: दोन तासांचं अंतर पुरत नाही

मी रुग्णाला "दारू घेता का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "लग्नाकार्यात, यात्रेत?" असं विचारलं की "तेवढं चालतंच" असं येतं. काकांचंही तेच. पाचव्या दिवशी पाहुण्यांकडे हळद होती. आठ वाजता त्यांनी दोन लार्ज घेतले. दहाला घरी आले आणि गोळी घेण्याआधी, चिठ्ठी समोर होती म्हणून, ताईंना फोन केला, "दोन तास झाले, आता चालेल ना?" ताई म्हणाल्या, "नाही काका, आज नाहीच. उद्या बघू."

त्यांचं बरोबर होतं, आणि हिशेब सोपा आहे. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के अल्कोहोल छापलेलं असतं. साठ मिलीच्या एका लार्जमध्ये त्यामुळे सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, दोनात ४० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७-८ ग्रॅम अल्कोहोल संपवतं. म्हणजे आठ वाजता घेतलेले दोन लार्ज पूर्ण उतरायला रात्रीचा एक वाजून जातो. दहा वाजता रक्तात निम्म्याहून जास्त शिल्लक असतं. ताक, लिंबू, अंघोळ, काळा चहा यांनी हा वेग वाढत नाही. एक क्वार्टर झाली असेल तर पहाटेपर्यंत उतरत नाही. हातभट्टीची असेल तर तिच्यात किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळे हिशेबच करता येत नाही.

दारू आणि ही गोळी मेंदूतल्या एकाच यंत्रणेवर काम करतात. मेंदूला शांत करणारा एक नैसर्गिक रासायनिक संदेश असतो, त्याचा जोर दोन्ही वाढवतात. एकेकट्याने जे परिणाम होतात त्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना रेटतात. श्वास मंद आणि उथळ होतो, घशाचे स्नायू ढिले पडतात, उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते कारण खोकून बाहेर काढण्याची शुद्ध नसते. वर सांगितलेला आठवण न राहण्याचा प्रकारही दारूसोबत जास्त होतो. "मी तर दोन्ही घेतलं होतं, काही झालं नाही" असं सांगणारे भेटतात. त्या रात्री त्यांनी जेवण किती केलं होतं, सर्दी होती का, आडवे कसे झोपले होते, यांतलं काहीही वेगळं असतं तर काय झालं असतं ते कुणालाच सांगता येत नाही.

दुसरी बाजू अशी, की गोळी नको म्हणून झोपेसाठी दारू घेणंही उपयोगाचं नाही. दारूने डोळा लवकर लागतो, पण ती उतरू लागली की मध्यरात्रीनंतर झोप तुटते, घाम येतो, लघवीला उठावं लागतं. तीन वाजता टक्क जाग येणाऱ्या कित्येकांचं मूळ संध्याकाळच्या ग्लासात असतं.

रोज पिणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याने गोळीसाठी म्हणून दारू एका दिवसात बंद केली तर थरथर, भास, झटके येऊ शकतात. रोज घेत असाल तर गोळी लिहून घेण्याआधीच डॉक्टरांना खरं सांगा. औषध बदलतं, कधी कधी दवाखान्यात राहावं लागतं.

दारूवर गोळी घेतलेला माणूस हलवून उठत नसेल, घशातून घुरघुर येत असेल, श्वास फार सावकाश चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील तर "झोपू दे, उतरेल" असं म्हणू नका. त्याला एका कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, गोळ्यांचं पाकीट सोबत घ्या. तोंडात मिठाचं पाणी किंवा कॉफी ओतू नका.

चिठ्ठीतल्या सर्दीच्या गोळीचं कारणही याच धाग्यातलं आहे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत गुंगी आणणारं औषध असतं, खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं आणि जास्त दुखण्यावर दिली जाणारी ट्रामाडॉल श्वास मंदावते. ही औषधं झोपेच्या गोळीसोबत पोटात गेली तर दारूसारखंच होतं.

किती दिवस: शेवटची तारीख पहिल्याच दिवशी

या गोळीचं काम थोडक्या दिवसांचं आहे. आठवडा, दोन आठवडे. ब्रिटनमध्ये हळूहळू बंद करण्याचे दिवस धरूनही चार आठवडे ही कमाल मर्यादा आहे. त्यापुढे दोन गोष्टी होतात. मेंदूला गोळीची सवय होते, पाचाची दहा करावीशी वाटते. आणि गोळी न घेतलेल्या रात्री झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते.

ही दुसरी गोष्ट समजून घेतली नाही म्हणून माणसं वर्षानुवर्षं गोळी घेत राहतात. गोळी थांबवली की मेंदूवरचा दाब एकदम निघतो आणि एक-दोन, कधी तीन-चार रात्री झोप जास्तच बिघडते. माणूस म्हणतो, "बघा, गोळीशिवाय मला झोपच येत नाही." तो मूळचा आजार नसतो, ती गोळी थांबवल्याची प्रतिक्रिया असते आणि ती आपोआप ओसरते. पण तिसऱ्या रात्री पुन्हा गोळी घेतली की ओसरण्याची संधीच मिळत नाही, आणि चक्र सुरू राहतं. ताईंनी ही ओळ पहिल्याच दिवशी लिहून ठेवली होती, म्हणून काकांना १८ तारखेच्या रात्री दोन वाजेपर्यंत जाग आली तेव्हा ते घाबरले नाहीत. १९ ला दीड वाजला. २० ला बारा. त्यानंतर साडेअकराच्या सुमारास झोप लागू लागली. अजून त्यांना दहाला झोप येत नाही. भाऊ जाऊन तीन महिने होत नाहीत तोवर ते अपेक्षित आहे, आणि त्यावर गोळी वाढवणं हा उपाय नाही.

त्या दोन आठवड्यांत आम्ही दुसरं कामही केलं होतं. उठण्याची वेळ रोज साडेपाच, झोप झाली असो वा नसो. दुपारची तासभराची झोप बंद. चारनंतर चहा नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं. झोप आली की मगच अंथरुणात जायचं, वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून ओसरीवर बसायचं. (गोळी घेतलेल्या रात्री हे शेवटचं करायचं नाही, तेव्हा आडवंच राहायचं.) तीन महिन्यांहून जास्त काळ, आठवड्यातून तीन रात्री झोप जात असेल तर खरा उपचार हाच आहे.

सात-सात गोळ्या दिल्या याचा काकांना पहिल्या दिवशी थोडा राग आला होता. "वहीत नाव लिहिलं माझं, चोर आहे का मी?" झोल्पिडेम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधं आपल्याकडे २०१४ पासून एच-वन या यादीत आहेत. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती गोळ्या दिल्या, हे फार्मासिस्टने वेगळ्या वहीत लिहून तीन वर्षं जपायचं असतं. जो दुकानदार चिठ्ठीशिवाय पूर्ण स्ट्रिप हातात देतो तो तुमच्यावर मेहेरबानी करत नाही. घरात दुःखात असलेलं माणूस आणि तीस गोळ्या एका कपाटात असू नयेत, हेही थोड्या गोळ्या देण्याचं एक कारण असतं. जगणं नकोसं वाटत असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, किंवा टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

तुमची गोळी दुसरी असेल तर

वरचे तास झोल्पिडेमच्या साध्या गोळीचे आहेत. अल्प्राझोलाम शरीरात बराच जास्त वेळ राहते, क्लोनाझेपाम तर दुसऱ्या दिवशीच नव्हे, त्याच्या पुढच्या दिवशीही थोडी शिल्लक असते. त्यांच्यासाठी आठ तासांचा हिशेब पुरत नाही, म्हणून तुमच्या गोळीची वेळ तुमच्या फार्मासिस्टकडून लिहून घ्या. सावकाश सुटणारी, म्हणजे नावापुढे सीआर लिहिलेली गोळी मोडून किंवा चावून घ्यायची नसते.

हे वाचणाऱ्यांत कुणी महिनोन्महिने रोज अशी गोळी घेत असेल तर आज रात्रीच ती फेकून देऊ नका. जुनी सवय असलेल्याने एकदम बंद केली तर अस्वस्थता, थरथर आणि क्वचित फिटही येते. दर एक-दोन आठवड्यांनी डोस थोडा थोडा उतरवावा लागतो, आणि ते वेळापत्रक डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं.

गरोदर बाई, झोपेत श्वास अडकणारा जोरदार घोरणारा माणूस, दम्याचा जुना रुग्ण, यकृताचा मोठा आजार असलेला रुग्ण, यांनी ही चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवण्याआधी डॉक्टरांना त्या आजाराची आठवण करून द्या. रांगेच्या घाईत ते विचारायचं आमच्याकडून राहूनही जातं.